मशीन टकटक करते, तरी पहाटे डुकरं आत: झटका तार रात्री का मरते?

सोयाबीन शेंगेवर आलं की दर हंगामात तीच तक्रार सुरू होते. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन चालू आहे, दिवा लुकलुकतो, टक टक आवाज येतो, दुपारी मीटर लावला तर सहा हजार व्होल्ट दाखवतो. आणि सकाळी शेतात जावं तर जंगलाकडच्या कोपऱ्यात ओळीच्या ओळी उलथून पडलेल्या. मग निष्कर्ष दोनच निघतात. एक तर मशीन कंडम आहे, नाहीतर डुकरं झटक्याला सरावली.

डुकरं सरावत नाहीत. त्यांना त्या वेळी झटका बसतच नाही, हे खरं कारण असतं. तार दुपारी जिवंत असते आणि पहाटे जवळजवळ मेलेली असते, आणि आपण मीटर लावतो दुपारी. मशीन बदलण्याआधी हा दुपार-पहाटेचा फरक कुठून येतो ते शोधायचं असतं.

झटका फिरतो कसा

सोलर पॅनल दिवसभर १२ व्होल्टची बॅटरी भरतं. मशीन त्या बॅटरीतून थोडी थोडी वीज घेऊन एका कपॅसिटरमध्ये साठवतं आणि साधारण सव्वा-दीड सेकंदाने एकदम सोडून देतं. आतला ट्रान्सफॉर्मर तो ठोका आठ-नऊ हजार व्होल्टपर्यंत चढवतो. ठोका टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ‘टक’ असा आवाज येतो तो याचाच.

डुकराचं नाक तारेला लागलं की वीज नाकातून शिरते, पायांतून जमिनीत उतरते, आणि जमिनीतूनच अर्थिंगच्या रॉडपर्यंत येऊन मशीनमध्ये परत जाते. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. म्हणजे अर्धी तार खांबावर दिसते आणि उरलेली अर्धी म्हणजे आपल्या शेताची माती. खांबावरच्या अर्ध्या भागाकडे सगळे बघतात, मातीकडे कोणी बघत नाही.

नाकाचा मुद्दाही लक्षात घ्या. डुकराची कातडी जाड आणि केस राठ, पाठीला झटका फारसा कळत नाही. नाक ओलं आणि नाजूक असतं, आणि नाकावर बसला तर डुक्कर मागे फिरतं. मानेच्या मागे किंवा पाठीवर बसला तर तेच डुक्कर घाबरून पुढे मुसंडी मारतं, म्हणजे सरळ शेतात. म्हणून खालची तार जमिनीपासून साधारण ८ इंचांवर हवी. बरेच जण ती फूट-सव्वा फुटावर ओढतात, कारण गवत कमी लागतं. पण मग डुक्कर खालून नाक घालतं आणि तार टेकते पाठीला.

पहाटेचं मोजमाप

आधी मीटरबद्दल. घरातला साधा मल्टिमीटर या तारेला लावायचा नाही, तो जळेल आणि जळला नाही तरी खोटा आकडा दाखवेल. झटका तारेचा वेगळा व्होल्टमीटर मिळतो. त्याची एक टोकदार सळई जमिनीत खोचायची आणि दुसरं टोक तारेला लावायचं. बॅटरी मोजायला मात्र साधा मल्टिमीटर चालतो.

वेळ म्हणजे पहाटे चार-पाचची, दव पडलेलं असताना आणि ऊन यायच्या आत. त्या वेळी गवत आणि इन्सुलेटर ओले असतात आणि रात्रभर चालून बॅटरी सगळ्यात खाली आलेली असते. जनावरंही याच सुमारास फिरतात. पायात गमबूट आणि हातात टॉर्च घेऊनच निघा, सापाला तुमच्या तारेशी काही देणंघेणं नाही. डुकरांसाठी माझा हिशोब सरळ आहे: मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पहाटेच्या वेळी, किमान चार हजार व्होल्ट. दुपारचा आकडा कितीही असो, तो धरायचा नाही.

एका शेताची गोष्ट, आकड्यांसकट

पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला एका काकांचं चार एकर आहे. सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. कुंपणाचा फेरा साधारण ५२० मीटर, तीन तारा, म्हणजे दीड किलोमीटरच्या वर तार. त्यांची तक्रार अशी की बॅटरी घरी नेऊन चार्ज केली की चार-पाच दिवस सगळं ठीक असतं, मग पुन्हा डुकरं येतात. मशीन दोनदा दुकानात जाऊन आलेलं, दोन्ही वेळा ‘मशीन ओके’ म्हणून परत मिळालेलं.

आधी तारेची जोडणी काढून नुसत्या मशीनवर मोजलं. दुपारी ९,१०० व्होल्ट, पहाटे ७,४००. म्हणजे मशीन ठीक, पण पहाटे थोडं दमलेलं. मग तार जोडून मशीनपाशी मोजलं: दुपारी ६,२००, पहाटे २,६००. लांबच्या कोपऱ्यात दुपारी ५,५०० आणि पहाटे फक्त १,८००. एवढ्यात डुकराचं नाक चुरचुरतं, बस.

तार जोडली की व्होल्ट थोडा उतरणारच. पण तो दुपारी एक तृतीयांश उतरतो आणि पहाटे दोन तृतीयांश, याचा अर्थ ओल आली की तारेतून वीज कुठेतरी गळते. आणि गळतीच्या जोडीला अजून काहीतरी बिघडलेलं असणार, असा संशय मला अर्थिंगमुळे आला.

अर्थिंगचा रॉड होता खोपडीच्या आत. टिनाखाली, दोन-अडीच फुटांची एकच सळई, मशीनच्या अगदी जवळ, कारण वायर तेवढीच होती. वर छप्पर असल्याने तिथली माती भर पावसाळ्यातही कोरडी. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण कोरडी पडून भेगाळली की रॉड मातीला धड टेकतही नाही, भोवती हवाच राहते.

अर्थिंग तपासायची पद्धत सोपी आहे. मशीन बंद करा. मशीनपासून शंभरेक मीटर लांब जाऊन दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून तारेला टेकवून ठेवा, म्हणजे तार मुद्दाम जमिनीला जोडली गेली. मशीन चालू करा, तारेचा व्होल्ट दोन हजारांच्या खाली आला पाहिजे. आता अर्थिंगच्या रॉडपाशी या. मीटरची सळई रॉडपासून मीटरभर लांब जमिनीत खोचा आणि दुसरं टोक रॉडला लावा. खरं तर तिथे काहीच व्होल्ट नको. दोनशे-तीनशेपर्यंत ठीक. काकांच्या रॉडवर आला १,९००.

हा आकडा म्हणजे जनावराच्या वाट्याचा व्होल्ट रॉडने खाल्ला. ठोका मशीनमधून निघतो, पण परत यायची वाटच अरुंद, म्हणून त्याचा बराचसा जोर रॉडपाशीच संपतो. नाकापर्यंत उरतो तो उरलासुरला. गळती जितकी जास्त तितकी जास्त वीज या वाटेने परत येऊ पाहते, म्हणून पहाटे हे दुखणं वाढतं.

उपाय म्हणून पाच-पाच फुटांचे तीन जीआय रॉड, एकमेकांपासून दहा फुटांवर, पूर्ण खाली ठोकले. जागा विहिरीकडच्या ओलसर बांधाची, पण विहिरीच्या मोटारीच्या अर्थिंगपासून दहा मीटरपेक्षा जास्त अंतर राखून. हे अंतर सोडू नका. मोटारीत बिघाड होऊन तिच्या अर्थिंगमध्ये करंट उतरला तर तो तुमच्या रॉडमधून कुंपणावर चढू शकतो. रॉड जोडायला जीआय तारच वापरली आणि क्लॅम्पने आवळली. जुनी जोडणी तांब्याच्या वायरची होती, नुसती गुंडाळलेली. तांबं आणि जीआय एकत्र ओले राहिले की जोड सडतो, वर पांढरी-हिरवी भुकटी जमते आणि आत संपर्कच उरत नाही. मीठ-कोळसा भरायचा आग्रह काकांनी धरला होता. मिठाने जीआय रॉड लवकर खाल्ला जातो, म्हणून तो विचार सोडला.

दुसऱ्या पहाटे रॉडवर दोनशेच्या आत आणि लांबच्या कोपऱ्यात ३,४०० व्होल्ट. जवळजवळ दुप्पट, आणि तारेला अजून हातही लावलेला नव्हता.

गळती शोधायची तर निम्मं निम्मं करून

दीड किलोमीटर तार बोटाने चाचपत कोणी फिरणार नाही, फिरूही नये. मशीन बंद करायचं, कुंपणाच्या बरोबर मध्यावरचा जोड सोडायचा, पुन्हा चालू करून मशीनकडच्या अर्ध्या भागात मोजायचं. व्होल्ट एकदम वर आला तर गळती पलीकडच्या अर्ध्यात आहे, खालीच राहिला तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. तीन-चार फेऱ्यांत दोष पन्नास-साठ मीटरच्या टप्प्यात येतो. प्रत्येक वेळी जोड सोडण्याआधी मशीन बंद, यात कंटाळा नको.

काकांच्या शेतात दोष निघाला नाल्याकडच्या कोपऱ्यात. कोपऱ्याच्या खांबाला ताण जास्त, तिथे मूळचे इन्सुलेटर फुटलेले, आणि त्यांच्या जागी ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे उभे चिरून तारेवर चढवलेले आणि बाइंडिंग वायरने खांबाला बांधलेले. दुपारी ते कोरडे असल्याने काम भागत होतं. पहाटे चिरेत पाणी शिरलं की तार आणि बाइंडिंग वायर यांच्यामध्ये वीज उडत होती. अंधारात जवळ उभं राहिलं तर निळी ठिणगी दिसत होती आणि मशीनच्या ठोक्याबरोबर ‘चट’ असा आवाज ऐकू येत होता. लोखंडी अँगलच्या खांबावर असा जुगाड म्हणजे तार सरळ जमिनीला बांधल्यासारखीच. तिथे चिनीमातीचे इन्सुलेटर बसवले. खालच्या तारेला टेकलेला केना आणि हराळी दीड फुटाच्या पट्ट्यात कापून काढली. ओलं गवत एकेका पात्याने थोडंच ओढतं, पण ५२० मीटरची पाती एकत्र धरली तर ते मोठं भगदाड होतं.

यानंतर लांबच्या कोपऱ्यात पहाटेचा आकडा ५,१००.

बॅटरी का उतरते

चार-पाच दिवसांचं कोडं मात्र बाकी होतं. बॅटरी संध्याकाळी १२.९ व्होल्ट, पहाटे ११.७. शिशाच्या बॅटरीसाठी ११.७ म्हणजे जवळजवळ रिकामी. साडेबाराच्या आसपास राहिली तर तब्येत चांगली, बाराच्या खाली रोज जाऊ लागली तर ती फार हंगाम काढणार नाही.

हिशोब मांडला. मशीन सरासरी ०.२ अँपिअर घेत होतं. म्हणजे २४ तासांत ४.८ अँपिअर-तास, वॉटमध्ये साधारण ५८ वॉट-तास. पॅनल २० वॉटचं. स्वच्छ उन्हात दिवसाला ८०-९० वॉट-तास द्यायला हरकत नाही. पण दुपारी दोननंतर बाभळीची सावली पॅनलवर येत होती. पॅनलवर कोपऱ्यातली सावलीही पूर्ण पॅनलचं उत्पादन पाडते, सावली पडली तेवढाच भाग बंद होतो असं नसतं. हाती लागत होते फार तर ४५. रोज १३ वॉट-तासांचा तोटा, आणि घरून भरून आणलेली बॅटरी तो तोटा चार-पाच दिवस पोसत होती. पॅनल दुसऱ्या खांबावर नेलं, तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास. बॅटरी घरी न्यायची वेळ त्यानंतर आली नाही.

दिवसा मशीन बंद ठेवून वीज वाचवावी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. डुकरं संध्याकाळी अंधार पडता पडता तार चाचपायला येतात आणि नेमकी तेव्हाच ती बंद राहिलेली असते, कारण चालू करायचं राहून जातं. आणि बंद तारेखालून एकदा सुखरूप आत गेलेलं डुक्कर तीच वाट धरून राहतं.

‘मोटारीच्या स्टार्टरवरून एक वायर टाकली तर?’

हा प्रश्न काकांच्या मुलाने विचारला. अजून बरेच जण मनात विचारतात, आणि काही जण न विचारता करतात. तार रात्री मरते, पीक जातं, घरात चिडचिड होते, आणि मेन लाइन तिथेच विहिरीवर असते.

फरक असा आहे. झटका मशीनचा व्होल्ट मोठा, पण ठोका क्षणाचा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये एक सेकंदाहून जास्त मोकळीक. हात आपोआप मागे येतो. यंत्राला मर्यादाही घालून दिलेली आहे. कुंपणाच्या मशीनसाठी भारतीय मानक आयएस ३०२-२-७६ आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त नसावी, ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा लांबू नये आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंद जावा.

मेनचे २३० व्होल्ट ऐकायला कमी, पण ते थांबत नाहीत. ओल्या पायांच्या माणसाच्या अंगाचा अडथळा हजार ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर सतत वाहतात. सतत वाहणाऱ्या करंटचे तीस-चाळीस मिलिअँपिअरसुद्धा हृदयाची लय बिघडवायला पुरतात. स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि तार सुटत नाही. पहाटे त्या तारेला पहिला हात लागतो तो बहुतेक वेळा घरच्याच माणसाचा, नाहीतर शेजारच्या धुऱ्यावरून येणाऱ्या मजुराचा. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीज कायदा २००३ खाली चोरी. रानडुक्कर, रोही, चितळ किंवा टिपेश्वरचा वाघ मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच.

मेनची वीज तारेवर यायचा एक आडमार्गही आहे, आणि तो करणाऱ्याला ते कळतही नाही. बॅटरी उतरली म्हणून खोपडीतच मेनवरचा स्वस्तातला चार्जर लावायचा, आणि तार, मशीन सगळं जोडलेलंच ठेवायचं. चार्जरच्या आतलं इन्सुलेशन गेलं तर मेन सरळ कुंपणावर. बॅटरी चार्ज करायची तर मशीनपासून पूर्ण सोडवून, बाजूला ठेवून.

मशीन चांगलं असलं तरीही

५ ज्यूलची मर्यादा गृहीत धरते की अंगाला लागलेला माणूस किंवा जनावर लगेच बाजूला होईल. अडकून पडलेल्याला ती वाचवत नाही. म्हणून काटेरी तारेत कधीही झटका सोडायचा नाही, कपडा किंवा केस अडकले की सुटका नाही. जुनं काटेरी कुंपण असेल तर त्याच्या खांबांवरून झटक्याची तार वेगळ्या आडव्या आधारावर, काटेरी तारेपासून निदान सहा इंच लांब ओढा. एकाच कुंपणाला दोन मशीन जोडून ‘डबल झटका’ करू नका. दोघांचे ठोके वेगवेगळ्या वेळी पडतात आणि मधली सेकंदाची मोकळीक संपते. डोकं, मान तारेखालून घालून जायचं नाही, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना या तारेपासून लांबच ठेवा. वाटेच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा.

८ इंचांवरची खालची तार डुकराला अडवते, पण घोरपड, कासव, खवल्या मांजर यांच्यासाठी तीच जीवघेणी ठरते. खवल्या मांजर घाबरलं की पळत नाही, अंगाचं वेटोळं करतं, कधी तारेभोवतीच, आणि मग ठोके बसतच राहतात. सकाळी एक फेरी मारा. काही अडकलेलं दिसलं, माणूस असो की जनावर, आधी मशीन बंद, मग हात.

शेवटी, तालुक्याच्या बाजारात बिनाछापाची, गावठी जोडणीची मशीनंही मिळतात, आणि त्यांच्यावर ज्यूल किंवा मानक काहीच लिहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी एक तपासणी घड्याळ लावून करता येते. एका मिनिटातले टक मोजा. ते साठपेक्षा जास्त भरले तर दोन ठोक्यांत सेकंदही जात नाही, मग ते मशीन कितीही जोरात झटका देत असलं तरी तारेला जोडू नका, दुकानात परत करा.